न सुटणारं कारण

लालबागच्या काकांचं दुखणं पहिल्यांदा त्यांच्या सुनेच्या लक्षात आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चढून येताना काका प्रत्येक मजल्याला कठडा धरून थांबायला लागले होते. वय 76. तरुणपणी गिरणीत, 1982च्या संपानंतर लालबागमध्येच मसाल्याच्या डंकावर. दमणं हा शब्द त्यांच्या तोंडी कधी नव्हता. जवळच्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. लोहाने शी काळी होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे शी काळी होते आहे असं काका एकदा म्हणाले तेव्हा कुणी दचकलं नाही. संडास गॅलरीच्या टोकाला, सामाईक, आत मिणमिणता दिवा. नीट पाहायचं म्हटलं तरी दिसत नव्हतं. परळच्या आमच्या रुग्णालयात ते आले तेव्हा हिमोग्लोबिन 6.1 होतं.

लोहाची काळी शी घट्ट आणि जरा हिरवट असते. आतड्यातल्या रक्ताची शी डांबरासारखी चिकट असते आणि तिचा वास विसरता येत नाही. काकांची दुसऱ्या प्रकारची होती. कारण त्यांच्या खिशातच होतं. तीन वर्षांपासून ते रक्त पातळ करण्याची गोळी घेत होते.

मी हृदयाचा इको करणारी डॉक्टर आहे. कॅथलॅबमध्ये सुई आणि तारा दुसऱ्याच्या हातात असतात, माझ्या हातात अन्ननलिकेतून उतरवलेला इकोचा प्रोब आणि समोर पडदा. डाव्या अपेंडेजचं तोंड बंद करण्याच्या प्रोसिजरमध्ये गेली काही वर्षं मी ही जागा सांभाळते आहे. प्रोसिजर तासाभराची असते. ती कुणाची करायची हे ठरवायला मात्र कधीकधी महिने लागतात, आणि माझ्या मते खरं काम ते आहे.

काकांना एट्रियल फिब्रिलेशन होतं, ज्याला आम्ही बोलताना एएफ म्हणतो. हृदयाचे वरचे दोन कप्पे ठेक्यात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी एक पिशवी लोंबते, तिला अपेंडेज म्हणतात. कप्पा थरथरायला लागला की या पिशवीतलं रक्त तिथेच घुटमळतं. इकोवर ते उदबत्तीच्या धुरासारखं गोल फिरताना दिसतं. घुटमळलेलं रक्त गोठतं, गाठ सुटते, मेंदूत जाते आणि माणसाचा अर्धा देह लुळा पडतो. म्हणून गोळी द्यावी लागते.

ही जोखीम मोजायची एक साधी बेरीज आहे. काकांचं वय 75च्या पुढे, त्याचे दोन गुण. रक्तदाबाचा एक, मधुमेहाचा एक. एकूण चार. गोळी न घेणाऱ्या अशा शंभर माणसांपैकी वर्षाला साधारण चार-पाच जणांना स्ट्रोक येतो. म्हणजे गोळी बंद करणं हा काही सुटकेचा मार्ग नव्हता. आणि चालू ठेवली तर रक्त जात होतं.

मधल्या काळात कुणीतरी त्यांची अपिक्साबानची गोळी निम्मी केली होती. हे मी वारंवार पाहते. अपिक्साबानचा कमी डोस द्यायचे नियम ठरलेले आहेत : वय 80 किंवा जास्त, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. काकांचं वजन 64, क्रिएटिनिन 1.2. त्यांना यांतली एकही लागू होत नव्हती. निम्म्या डोसने मेंदूचं रक्षण अर्धवट झालं आणि आतड्यातून रक्त जायचं ते जातच राहिलं.

अशा वेळी नातेवाईक विचारतात, "मॅडम, ती छत्री बसवतात ना हृदयात? ती बसवून टाका." आमच्या भागात हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. छत्री हा शब्द वाईट नाही. निकेल-टायटॅनियमच्या तारांची घडी घातलेली चौकट आणि तिच्यावर बारीक कापड. पिशवीच्या तोंडाशी उघडली की ती बुचासारखी बसते. पण ती बसवायची की नाही, याचं उत्तर एका प्रश्नात आहे : गोळी न सोसण्याचं कारण सुटण्यासारखं आहे का? 2023च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांतही या उपायाची मुख्य शिफारस आहे ती स्ट्रोकची बऱ्यापैकी जोखीम असलेल्या आणि कायम टिकणाऱ्या कारणामुळे दीर्घकाळ गोळी घेता न येणाऱ्या माणसासाठी.

त्याच महिन्यात आलेली दोन माणसं सांगते, म्हणजे हा प्रश्न का महत्त्वाचा ते कळेल.

एक दादरचे निवृत्त शिक्षक, वय 69. असिट्रॉम ही रक्त पातळ करण्याची जुनी गोळी घेत होते. रक्त किती पातळ झालं हे सांगणारा आयएनआर कधी 1.4, कधी 4.8. दोनदा नाकातून रक्त आलं, म्हणून छत्रीची चौकशी करायला आले. त्यांना मी आठवड्याचं जेवण विचारलं. श्रावण चालू होता, घरात अळूचं फदफदं, मेथी, शेपू असं सगळं येत होतं, आणि पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. त्यावर गुडघ्यासाठी केमिस्टकडून घेतलेली वेदनाशामक गोळी, रोज, सहा महिने. आम्ही वेदनाशामक बंद केली, असिट्रॉमच्या जागी आयएनआर पाहावा न लागणारी नवी गोळी दिली. पुन्हा नाकातून रक्त आलं नाही. त्यांचं कारण सुटलं, त्यांना छत्रीची गरज नव्हती.

दुसऱ्या गिरगावच्या एक बाई, वय 48. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेलेला, आता मायट्रल झडप आक्रसलेली आणि सोबत एएफ. त्यांचीही छत्री बसवण्याची तयारी होती, पण त्यांना ती बसवता येणार नव्हती. 1996मध्ये ब्लॅकशिअर आणि ओडेल यांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिलं होतं. झडपेचा आजार नसलेल्या एएफमध्ये डाव्या कप्प्यात सापडलेल्या गाठींपैकी शंभरात 91 या पिशवीत होत्या. संधिवाताच्या झडपेत मात्र शंभरात 57. उरलेल्या गाठी कप्प्याच्या मोकळ्या भागात होतात, तिथे तोंड बंद करायला काही नाही. त्यांना नवी गोळीही चालत नाही. 2022च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांमध्ये जुन्याच प्रकारची गोळी सरस ठरली. त्यांना असिट्रॉम, दर महिन्याला आयएनआर आणि झडपेवर उपचार. परळ-गिरगावच्या ओपीडीत असे रुग्ण आजही रोज दिसतात, म्हणून हे फार स्पष्ट सांगावं लागतं.

आता काका. त्यांचं रक्त कुठून जातं हे शोधायला पोटाच्या डॉक्टरांनी आधी वरून आणि मग खालून दुर्बिणीने पाहिलं. व्रण नाही, कर्करोग नाही. मग कॅप्सूल गिळायला दिली, तिच्यातला कॅमेरा लहान आतड्यातून फिरतो. त्यात जागोजागी लाल ठिपके दिसले. आतड्याच्या आतल्या थरातल्या रक्तवाहिन्या वयानुसार फुगतात आणि पातळ होतात, त्याला अँजिओडिसप्लेशिया म्हणतात. हाती लागले ते ठिपके दोन वेळा जाऊन जाळले. चार महिन्यांत पुन्हा हिमोग्लोबिन उतरलं.

इथे माझ्या इकोला एक प्रश्न विचारायचा राहिला होता. एऑर्टिक झडप फार अरुंद झाली की तिच्यातून जोराने जाणाऱ्या रक्तात गोठण्यासाठी लागणारं एक प्रथिन तुटतं, आणि मग हे ठिपके वाहायला लागतात. तसं असेल तर झडप बदलली की रक्तस्राव थांबू शकतो, म्हणजे कारण सुटतं. मी काकांची झडप दोन बाजूंनी मोजली. थोडी जाड होती, पण उघडत चांगली होती. ही वाटही बंद झाली. गोळी बदलून पाहिली होती, ठिपके जाळून झाले होते, झडप ठीक होती. चौदा महिन्यांत तीनदा रक्त चढवलं होतं. आता हे कारण सुटण्यासारखं नाही असं आम्ही तिघा डॉक्टरांनी एकत्र बसून लिहिलं.

काका आणि सूनबाई दोघांना बसवून मी सगळं समजावलं. काकांनी एकच विचारलं, "म्हणजे गोळी त्या दिवसापासून बंद?"

"नाही काका. छत्री आत बसली की तिच्यावर शरीराचाच पातळ पडदा चढावा लागतो. त्याला काही महिने जातात. तोवर उघड्या कापडावर गाठ धरू शकते. म्हणून सुरुवातीला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही द्यावी लागतील."

"त्यानेही रक्त जाईल."

"जाऊ शकतं. म्हणून ती आपण कमीत कमी दिवस देऊ आणि दर आठवड्याला हिमोग्लोबिन पाहू. नंतर एकच साधी गोळी राहील."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलंत, आता करा." या उपायाला "गोळीपासून सुटका" म्हणून विकणं मला मान्य नाही, ते याच संवादामुळे. रक्तस्रावाच्या रुग्णासाठी पहिले दोन-तीन महिने सर्वांत अवघड असतात.

प्रोसिजरच्या दिवशी काका रात्रीपासून उपाशी होते. भूल दिली, मी प्रोब उतरवला आणि पहिलं काम केलं ते पिशवीत गाठ नाही ना हे पाहण्याचं. गाठ असती तर त्या दिवशी काहीच केलं नसतं, कारण तारेचा धक्का लागून तीच मेंदूत गेली असती. धूर होता, गाठ नव्हती. मग पिशवीचं तोंड मोजलं. हे तोंड गोल नसतं, लंबगोल आणि वाकडं असतं, म्हणून प्रोबचा कोन फिरवून 0, 45, 90 आणि 135 अंशांवर मोजतात आणि सर्वांत मोठं माप धरतात. 135 अंशांवर 20 मिलिमीटर आलं.

मी ते माप मोठ्याने सांगितलं आणि लगेच म्हणाले, "आत्ता धरू नका." उपाशी माणसाच्या शरीरात पाणी कमी असतं, डाव्या कप्प्यातला दाब उतरतो आणि पिशवी मिटते, जशी अर्धी भरलेली पाण्याची पिशवी. आम्ही अर्धा लिटर सलाइन सोडलं.

तोवर जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या कप्प्यात आली होती. तिथून डावीकडे जायचं म्हणजे दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पाडायचं. कुठे पाडायचं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पिशवी पुढच्या बाजूला वळलेली असते, म्हणून पडद्याच्या खालच्या आणि मागच्या भागातून गेलं तर नळी सरळ तिच्या तोंडाशी पोचते. वरून किंवा पुढून गेलं तर नळी वाकडी लागते आणि छत्री तिरकी बसते. सुई टेकली की पडदा माझ्या पडद्यावर तंबूसारखा ताणलेला दिसतो. एका कोनात मी वर-खाली पाहते, दुसऱ्यात पुढे-मागे. "अजून मागे. थोडं खाली. इथे." तंबू झटकन खाली बसला, सुई पार गेली. हेपॅरिन दिलं. डाव्या कप्प्यात दाब मोजला, 13 आला. सलाइनआधी तो बहुधा निम्माच असणार.

पुन्हा तोंड मोजलं. 23 मिलिमीटर.

हे तीन मिलिमीटर समजून घ्यावेत असे आहेत. आम्ही वापरतो त्या वॉचमन एफएलएक्स छत्रीचे आकार 20, 24, 27, 31 आणि 35 मिलिमीटरचे असतात. तोंडात बसल्यावर ती दहा ते तीस टक्के दाबलेली असली पाहिजे, त्या दाबानेच ती भिंतीला धरून राहते. सकाळचं 20 हे माप धरलं असतं तर आम्ही 24ची छत्री उघडली असती. खऱ्या 23च्या तोंडात ती जेमतेम चार टक्के दाबली गेली असती. रक्तदाब वाढला, काका पाणी प्यायले, पिशवी ताणली की ती सैल पडून सुटायची आणि हृदयात वाहत जायची. 27ची छत्री त्याच तोंडात सुमारे पंधरा टक्के दाबली जाते. आम्ही 27 घेतली.

छत्री उघडल्यावरही ती तारेला जोडलेलीच असते. सोडण्याआधी चार गोष्टी तपासतात. तोंडाशी बरोबर बसली आहे का? हलकेच ओढली तर जागची हलते का? किती टक्के दाबली गेली आहे? कडेने रक्त गळतं आहे का? हृदयरोगतज्ज्ञांनी तार ओढली, मी पडद्यावर पाहत होते. छत्रीबरोबर पिशवीची भिंतही आत-बाहेर झाली, छत्री सुटी सरकली नाही. चारही कोनांत दाब ठीक होता. डॉप्लरचा वेग मुद्दाम कमी ठेवून मी कडा शोधल्या, कारण बारीक गळती हळू वाहते आणि जास्त वेगाच्या सेटिंगवर दिसतच नाही. एका कडेला एक मिलिमीटरची रेघ होती. पाच मिलिमीटरपर्यंत चालतं असं जुनं मोजमाप, पण आम्ही तीनच्या वर गेलं की समाधानी नसतो. "सोडा," मी म्हणाले. तार उलटी फिरवली आणि छत्री सुटली.

सोडल्यानंतर मी प्रोब लगेच काढत नाही. दहा मिनिटं हृदयाच्या मागची जागा पाहत राहते. शिकत होते तेव्हा एका रुग्णालयात मी अशाच प्रोसिजरला उभी होते. छत्री बसवताना पिशवीच्या पातळ भिंतीला टोक लागलं होतं. पडद्यावर हृदयाच्या मागे एक काळी रेघ दिसली, दोन मिलिमीटरची. ती आधीपासून असेल असं वाटून मी बोलायला अर्धं मिनिट लावलं. तेवढ्यात ती रेघ बोटभर झाली, उजवा कप्पा आत दबायला लागला आणि रक्तदाब 70वर आला. हेपॅरिन उलटवायला प्रोटॅमिन दिलं, छातीच्या हाडाखालून सुई घालून हृदयाभोवतीचं रक्त काढलं. त्या बाई वाचल्या. छत्री त्या दिवशी बसली नाही. तेव्हापासून प्रोसिजर सुरू होण्याआधी मी त्या जागेचं एक चित्र साठवून ठेवते, म्हणजे नंतरची रेघ नवी की जुनी यावर विचार करायला एक क्षणही जात नाही. सुरुवातीच्या, 2009मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोटेक्ट-एएफ चाचणीत शंभरात जवळजवळ पाच जणांना असा त्रास झाला होता. आता हात बसले, छत्र्या मऊ झाल्या, प्रमाण बरंच खाली आलं आहे. शून्यावर मात्र आलेलं नाही, आणि रुग्णाला हे सही घेण्याआधी सांगायचं असतं.

काकांच्या हृदयामागे काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते घरी गेले. दोन्ही गोळ्या सहा आठवडे दिल्या. तिसऱ्या आठवड्यात हिमोग्लोबिन 10.2वरून 9.4वर आलं आणि मला काळजी वाटली, पण ते तिथेच थांबलं. सहा आठवड्यांनी पुन्हा घशातून प्रोब घालून पाहिलं. छत्रीवर गाठ नव्हती. अशी गाठ शंभरात तीन-चार जणांना धरते आणि तिला पुन्हा रक्त पातळ करण्याचीच गोळी लागते, म्हणून ही तपासणी चुकवता येत नाही. गळती तेवढीच, एक मिलिमीटर. क्लोपिडोग्रेल बंद केली, ॲस्पिरिन राहिली. वर्षभरात एकदाही रक्त चढवावं लागलं नाही. हिमोग्लोबिन 11.8.

एका काकांवरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढायचा नसतो. सुरुवातीच्या चाचण्यांतली माणसं वॉरफरिन ही असिट्रॉमसारखीच जुनी गोळी घेऊ शकणारी होती. पाच वर्षांनंतर त्यांच्यात छत्री आणि वॉरफरिन एकूण स्ट्रोकच्या बाबतीत सारखे निघाले, मेंदूतला रक्तस्राव छत्रीच्या गटात कमी, पण गाठीमुळे येणारे स्ट्रोक आकड्याने थोडे जास्त. मग 2025च्या अखेरीस जर्मनीतल्या क्लोजर-एएफ चाचणीचा निकाल आला. स्ट्रोक आणि रक्तस्राव दोन्हींची मोठी जोखीम असलेल्या वृद्धांमध्ये छत्री ही उत्तम औषधोपचाराच्या तोडीची आहे असं सिद्ध झालं नाही. औषधाच्या गटातले बहुतेक जण नव्या गोळ्याच घेत होते. माझ्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. ज्याला कुठलीही गोळी पूर्ण डोसात सोसते, त्याने गोळीच घ्यावी. छत्रीचा खर्च काही लाखांत जातो, गोळ्या आता बऱ्याच स्वस्त झाल्या आहेत. ज्याला गोळी सोसत नाही, त्याचं कारण आधी शोधावं, आणि ते सुटत नाही असं ठरलं तरच माझ्या पडद्यासमोर यावं.

वाचणाऱ्यांना एक विनंती. घरात कुणी रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल तर संडासातला दिवा चांगला लावा. शी डांबरासारखी काळी आणि चिकट दिसली तर लोहामुळे असेल म्हणून थांबू नका, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद किंवा निम्मी करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.